रजा, राजीनामा आणि रुजू होणे

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर, जेथे आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी कथकचा वर्ग भरतो, तेथील हजेरीचे पुस्तक एकदा माझ्या हाती आले. त्या वर्गाच्या ताईंनी, ज्यांच्या हाताखालून आजवर दोन पिढ्यांच्या मुली गेल्या, ते पुस्तक मोठ्या शिस्तीने राखले होते. हजर विद्यार्थिनीपुढे टिंब, गैरहजर असल्यास फुली आणि काही नावांपुढे तांबड्या शाईने काढलेले 'र' हे अक्षर. 'र' म्हणजे रजा, हे मी ओळखले. परंतु ज्या नावांपुढे टिंबही नाही, फुलीही नाही आणि 'र' ही नाही, केवळ कोरी घरे एकामागून एक सरकत गेलेली आहेत, त्यांचा अर्थ विचारल्यावर ताई म्हणाल्या, "त्या न सांगता गेलेल्या. पहिले दोन आठवडे मी फुली मारते, मग हातच उचलत नाही. तीन महिन्यांनी नाव पुढच्या पुस्तकात घ्यायचं नाही, एवढंच."

दहावीचे वर्ष, वडिलांची बदली, घरातील आजारपण किंवा पायाचे दुखणे अशा एखाद्या कारणाने सत्रापुरते शिक्षण थांबविण्याची वेळ पुण्यातील संगीत-नृत्य शिकणाऱ्या पुष्कळ घरांवर येते. तरीही हे थांबणे गुरूंना कसे कळवावे, याविषयी सुशिक्षित घरांतूनही जो गोंधळ दिसतो, तो त्या कोऱ्या घरांवरून ध्यानात यावा. मागील वर्षी माझ्या धाकट्या पुतणीच्या निमित्ताने या प्रकरणाचा मला जवळून परिचय घडला, आणि त्यातून जे उमगले तेच येथे मांडतो.

मुळात 'एका सत्राची रजा' ही कल्पनाच आपल्याकडील संगीतशिक्षणात तुलनेने नवी आहे. गुरुगृही राहून, गुरूची सेवा करीत आणि गुरूच्या मर्जीनुसार विद्या ग्रहण करीत ज्या काळी शिष्य घडत होते, त्या काळी सत्रही नव्हते आणि म्हणून सत्राची रजाही नव्हती. होती ती गुरूची आज्ञा, आणि ती न घेता जो निघून गेला त्याला परतीची वाट सहसा उरत नसे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताला वेळापत्रक, इयत्ता, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांची चौकट दिली, तेव्हा गाणे हे ठरल्या वारी, ठरल्या घटकेला आणि ठरल्या शुल्कात शिकण्याची गोष्ट झाली. तथापि ज्यांना पुढे गायक आणि शिक्षक म्हणून सिद्ध करावयाचे, अशा उपदेशक वर्गातील मुलांची व्यवस्था त्यांनी निराळी ठेविली होती. विद्यालयातच राहून, काही वर्षे शिक्षण मध्येच न सोडण्याच्या बोलीवर ती मुले शिकत. अर्थात एकाच छपराखाली दोन रीती नांदत होत्या : सायंकाळी येऊन जाणाऱ्यासाठी वर्ग आणि आयुष्य देणाऱ्यासाठी गुरुकुल.

पुण्याने दोन्ही रीती स्वीकारल्या. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये येथे भारत गायन समाजाची स्थापना केली. पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि १९४७ मध्ये रोहिणीताई भाटे यांनी नृत्यभारतीची स्थापना करून, उत्तरेतील कथकाला मध्यमवर्गीय मराठी मुलींच्या पायी बांधले. आज पेठांतून, कोथरुडातून आणि सिंहगड रस्त्यावरील सोसायट्यांच्या सभागृहांतून जे शेकडो वर्ग चालतात, ते याच परंपरेची लेकरे होत. म्हणूनच त्यांच्यात हा दुहेरीपणा आहे. पालक वर्गाकडे शुल्क भरून घ्यावयाची एक शिकवणी या नात्याने पाहतो आणि शिक्षिका मनातून स्वतःला गुरूच समजत असते. पालकाला वाटते, पैसे थांबविले की संबंध थांबला, त्यात कळविण्यासारखे ते काय? शिक्षिकेला वाटते, जिच्या पायात आपण स्वहस्ते पहिले घुंगरू बांधले, ती मुलगी 'येते ताई' एवढेही न म्हणता कशी गेली? रजेच्या निरोपाला या दोन्ही भूमिकांचा मान राखावा लागतो. त्यात दफ्तराची अचूकता हवी आणि नमस्काराची नम्रताही हवी.

आता प्रत्यक्ष प्रकरण. माझी पुतणी दहावीत गेली होती. पहिलीपासून ती याच ताईंकडे कथक शिकत आलेली, प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिलेली आणि मध्यमेच्या तयारीला लागलेली. सहामाही परीक्षेतील गणिताचे गुण पाहून घरात ठरले, की दिवाळीनंतर बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नृत्य थांबवावे. निर्णय रास्त होता. पण तो कळविण्यासाठी वहिनींनी जो मजकूर फोनवर तयार केला, तो माझ्या मते रास्त नव्हता. 'ताई, दहावीमुळे आता काही दिवस क्लासला जमणार नाही, परीक्षा झाल्यावर बघू' एवढाच तो मजकूर होता आणि तोही वर्गाच्या समूहावर, रात्री साडेदहाला, धाडावयाचा होता.

या वाक्यात उणे काय, असे वहिनींनी मला विचारले. मी म्हणालो, यात तारीख नाही. 'काही दिवस' म्हणजे किती, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'बघू' हा शब्द तर पुण्यात नकाराचा सभ्य पर्याय म्हणून इतक्या वर्षांपासून रूढ आहे, की ताई त्याचा दुसरा अर्थ लावणारच नाहीत. अर्ज रजेचा आहे आणि वाचला जाईल राजीनामा म्हणून. शिवाय समूहावर लिहिलेला निरोप आणखी पंचवीस पालक वाचतील आणि त्यांतील चार जणींना 'आपणही थांबवावे की काय' असा प्रश्न पडेल, हा उपद्रव निराळाच.

तरीही माझी समजूत पुरती नव्हती, हे ताईंची भेट झाल्यावर कळले. निरोप मिळाल्याक्षणी शिक्षिकेला कोणते निर्णय करावे लागतात, हे आम्हा घरच्यांना ठाऊकच नव्हते. ते निर्णय तीन आहेत आणि रजेच्या निरोपात काय असावे हे त्या तिहींवरून ठरते.

पहिला निर्णय जागेचा. ताईंचा माडीवरील तास भाड्याचा आहे. तबल्यावर साथीला येणाऱ्या गृहस्थांचे मानधन आणि लेहरा धरणाऱ्या पेटीवाल्याचे मानधन विद्यार्थिनी आठ असोत वा बारा, तितकेच द्यावे लागते. एक जागा पाच महिने रिकामी ठेवावयाची, की प्रतीक्षेत असलेल्या मुलीला ती द्यावयाची, हे ठरविण्यासाठी त्यांना परतीची तारीख हवी असते. परतणार हे निश्चित असेल, तर त्या नव्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घेतात. निश्चित नसेल, तर ती जागा गेली.

दुसरा निर्णय समूहाचा. जानेवारीच्या अखेरीस वर्गाचा वार्षिक कार्यक्रम असतो, आणि त्यात आठ जणींची एक रचना बसविली जात होती. प्रेक्षकाला आठ मुली दिसतात, पण रचनाकाराला चार जोड्या, दोन रांगा आणि एक वर्तुळ दिसते. त्यातून एक जण गळाली की रांग लंगडी होते आणि मग केवळ तिची जागा भरून भागत नाही, सातांसाठी सारी आकृती पुन्हा आखावी लागते. ताईंचे म्हणणे असे, की हे नोव्हेंबरात कळले तर एका रविवारचे काम आहे. तेच जानेवारीत कळले तर इतर सात जणींच्या अंगात मुरलेल्या चाली मोडाव्या लागतात, आणि मोडलेली चाल ऐन रंगमंचावर जुन्या वळणाने बाहेर येते. पोशाखाचे कापड तोवर शिंप्याकडे गेलेले असते, ते वेगळेच.

तिसरा निर्णय परीक्षेचा, आणि आमची खरी चूक येथेच होणार होती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सत्रांत होतात. त्यांचे अर्ज परीक्षेच्या आधीच काही आठवडे वर्गामार्फत भरावे लागतात. आम्ही समजत होतो, की बोर्डाची परीक्षा मार्चच्या मध्यास संपेल, एप्रिलपासून पुतणी वर्गाला जाईल आणि त्याच सत्रात मध्यमा प्रथम देईल. परंतु त्या सत्राचा अर्ज भरण्याची मुदत नेमकी आमच्या रजेतच पडत होती. निरोपात परीक्षेचा उल्लेख नसता, तर ताईंनी एक तर तिचे नाव गाळले असते, नाही तर जुन्या यादीप्रमाणे अर्ज भरून शुल्कही भरले असते, आणि परत न मिळणाऱ्या त्या रकमेवरून पुढे दोन्ही पक्षांत कटुता आली असती. ताईंनी विचारांती सांगितले, की साडेचार महिन्यांच्या खंडानंतर तीन-चार आठवड्यांत मध्यमेची तयारी होणे नाही, म्हणून एप्रिल-मे सोडावे आणि हिवाळ्याचे सत्र धरावे.

याच संभाषणातून आणखी एक गोष्ट निघाली, जी कोणत्याही दहावीच्या पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षांच्या ठरावीक पायऱ्या उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठीचा प्रस्ताव बोर्डाच्या परीक्षेपूर्वीच शाळेमार्फत जावा लागतो, आणि त्याला प्रमाणपत्रे जोडावी लागतात. पुतणीची प्रमाणपत्रे होती कोठे? ताईंच्या कपाटात, तिच्या नावाच्या पाकिटात, कारण वार्षिक कार्यक्रमात ती समारंभपूर्वक द्यावयाची होती. न सांगता वर्ग सोडला असता, तर ऐन डिसेंबरात ज्या दारावरून तोंड चुकवून जावयाचे त्याच दारी प्रमाणपत्रासाठी उभे राहावे लागले असते.

इतके समजल्यावर मी वहिनींना दोन पावले सुचविली. आधी मुलीला घेऊन प्रत्यक्ष जावे, वर्ग सुटल्यानंतर, जेव्हा ताईंना बसून बोलता येते. नंतर ठरलेले सारे त्याच दिवशी लेखी कळवावे, म्हणजे स्मरणावर काही विसंबून राहत नाही. भेटीत वहिनी एवढेच म्हणाल्या, "ताई, दिवाळीनंतर हिला थांबवावं लागतंय, पण सोडवायची नाहीये. काय काय ठरवायला हवं ते तुम्ही सांगा." पुतणीने वाकून नमस्कार केला आणि तिचे डोळे भरून आले. ताई हसून म्हणाल्या, "अगं, पाय कुठे पळून जातात? गणित कर आधी." त्यानंतर धाडलेले पत्र असे होते :

'ती. ताईंस सा. न. वि. वि.

आज प्रत्यक्ष बोलल्याप्रमाणे, दहावीच्या परीक्षेमुळे चि. मुलीचे नृत्याचे शिक्षण १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या मुदतीपुरते थांबवीत आहोत. तिचा शेवटचा वर्ग दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शनिवारी होईल आणि १ एप्रिलनंतरच्या पहिल्या वर्गाला ती पुन्हा रुजू होईल. तिची जागा राखून ठेवावी, ही विनंती. त्यात काही अडचण आल्यास कृपया कळवावे, आम्ही दुसऱ्या तुकडीतही समाधानी राहू.

वार्षिक कार्यक्रमातील समूहनृत्यात तिला धरू नये. एप्रिल-मे सत्राचा परीक्षेचा अर्ज भरू नये, पुढील सत्राचा भरावा. तिची आजवरची प्रमाणपत्रे शाळेत द्यावयाची असल्याने शेवटच्या वर्गाच्या दिवशी न्यावयास येऊ.

डिसेंबरअखेरचे शुल्क भरलेले आहे. त्याविषयी आपण जी रीत सांगाल ती मान्य आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फोन करून येण्याची खात्री देऊ.

आपली नम्र,'

या पत्रात अलंकार नाही. कारण एका वाक्यात आटोपले आहे आणि त्याची कैफियत केलेली नाही, कारण दहावी म्हणजे काय हे पुण्यातील शिक्षिकेला समजावून सांगणे म्हणजे कोतवालाला चावडी दाखविणे होय. पत्राचा सारा भार तारखांवर आहे : शेवटचा वर्ग, रुजू होण्याचा दिवस आणि खात्रीचा फोन. यांतील तिसरी तारीख लोक हटकून विसरतात. परंतु ताईंच्या अनुभवाने तीच निर्णायक आहे, कारण रजा घेणाऱ्या बहुतेक मुली परत येण्याच्या इच्छेनेच जातात, आणि मग परतण्याच्या दिवशी 'आता कसं जायचं, ताई काय म्हणतील' या संकोचाने आणखी एक आठवडा, आणखी एक महिना दवडतात. आधीच कबूल केलेला फोन हा संकोच मोडतो. शुल्काविषयी पत्रात मागणी नाही आणि मौनही नाही. ताईंनी डिसेंबरपर्यंतची निम्मी रक्कम एप्रिलच्या शुल्कात वळती केली. दुसऱ्या एखाद्या वर्गात जागा राखल्याबद्दल ती तशीच ठेवून घेतली असती आणि तेही गैर म्हणता आले नसते.

पत्राला ताईंनी जे उत्तर दिले, त्यात घरी करावयाचा पाठ होता. रजेचा निरोप वेळेवर दिल्याचा खरा लाभ हाच. कथकात पाय थांबले तरी पढंत थांबत नाही. बोल मुखाने म्हणत हाताने ताल धरणे याला घुंगरू लागत नाहीत, जागा लागत नाही आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची तक्रारही येत नाही. ताईंनी सांगितले, की रोज दहा मिनिटे मांडी घालून बसावे, त्रितालाच्या सोळा मात्रा आणि झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजाव्यात आणि झालेले तोडे, परण व तिहाया एकेक करून म्हणाव्यात. नवे काही पाठ करावयाचे नाही. चूक कशी ओळखावी? तिहाईचा शेवटचा 'धा' समेवर न पडता अलीकडे अथवा पलीकडे पडला, की समजावे मात्रा निसटली. मग तो बोल निम्म्या लयीत पुन्हा घ्यावा. पुतणीने हा पाठ रोज केला असे मी म्हणणार नाही. पूर्वपरीक्षांच्या दिवसांत तो आठवडा-आठवडा राहिला. पण बहुतेक रात्री जेवणानंतर तिच्या खोलीतून येणारा तो पुटपुटता ठेका मी ऐकला आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रुजू झाली तेव्हा ताईंनी तिला घुंगरू बांधू दिले नाहीत. पहिला आठवडा केवळ बराबरीच्या लयीत तत्कार, तोही दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात दुगुन आणि मोजक्या चकरा. घुंगरू तिसऱ्या आठवड्यात आणि चौगुन त्यानंतर. बोल तोंडात शाबूत होते, त्यामुळे मन पुढे धावे आणि पाय मागे राहत, आणि नेमका हाच खंडानंतरचा धोका होय. स्मरणाच्या वेगाने पाय आपटले की टाचा आणि नडगी दुखू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखले, तर आदल्या दिवशी अति झाले असे समजावे, अशी ताईंची खूण होती. दुसरी खूण कानाची. तत्कारात डाव्या पायाचा आवाज उजव्यापेक्षा फिका पडू लागला, की लय वाढवावयाची नाही. जूनच्या मध्यापर्यंत दोन्ही आवाज सारखे झाले आणि आषाढात गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

सर्वच प्रकरणे इतकी सरळ नसतात. गाणे शिकणाऱ्या मुलाचा आवाज फुटू लागला म्हणून पालक सत्रभर वर्ग बंद करतात, पण कारण न कळविता 'अभ्यास आहे' असे सांगतात. त्यामुळे गुरूला उपाय करण्याची संधीच मिळत नाही. खरे कारण कळले, तर गुरू मुलाचा स्वर उतरवून, तार सप्तकाला हात न लावता, मंद्र-मध्यात थोडके गाणे चालू ठेवू शकतो किंवा काही काळ ताल आणि श्रवण यांवर भर देऊ शकतो, आणि कित्येकदा रजेची गरजच उरत नाही. आर्थिक अडचणीचेही तसेच. ती सांगावयास जड जाते हे खरे, पण ती एकांतात सांगितल्यावर आठवड्याच्या दोन वर्गांऐवजी एकाची सवड करून देणारे शिक्षक या शहरात आहेत. आणि मुलीचे मनच उडाले असेल, पुन्हा यावयाचे नसेल, तर रजेचा अर्ज करू नये. तो राजीनामाच असू द्यावा, कृतज्ञतेच्या दोन शब्दांसह. खोट्या रजेने ताई जागा राखतात आणि बाहेर दुसरी एखादी मुलगी तिष्ठत राहते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या माडीवर गेलो होतो. हजेरीचे ते पुस्तक सहज चाळले. पुतणीच्या नावापुढे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तांबड्या शाईचे 'र' ओळीने उभे होते, आणि एप्रिलच्या पहिल्या वर्गाच्या घरात निळ्या शाईचे टिंब होते. त्याच पानावर आणखी दोन नावांपुढे कोरी घरे होती. त्यांतील एका मुलीच्या नावाचे पाकीट, आत प्रमाणपत्र असलेले, अजून ताईंच्या कपाटात पडून आहे.